दोन महिने नऊशे, तिसऱ्या महिन्यात साडेपाच हजार: बिल नेमकं कुठे फुगलं ते कसं शोधायचं

जून महिना लागला की आमच्या गल्लीत लोक बिल हातात घेऊन माझ्याकडे येतात. मी वीजखात्यातला नाही. हिशेबाची आवड आहे आणि २०२० पासूनची घरची सगळी बिलं फाइलला लावलेली आहेत, एवढंच. आल्याआल्या प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं असतं: "वापर तेवढाच आहे हो, बिल मात्र पाचपट आलंय, मीटर पळतोय." मीटर पळत असल्याचं मी इतक्या वर्षांत फार क्वचित पाहिलं. बहुतेक वेळा बिल बरोबर असतं, फक्त चुकीच्या महिन्यात आलेलं असतं. कधीकधी ते खरोखरच चुकलेलं असतं, आणि ती चूक आकड्यांतच दिसते.

शेजारच्या काकूंचं २०२४ च्या उन्हाळ्यातलं बिल इथे पूर्ण उलगडून दाखवतो. स्लॅब, स्थिर आकार, सरासरी रीडिंग या सगळ्या गोष्टी त्या एकाच कागदावर होत्या. एप्रिलचं बिल ९६३ रुपये, मेचं ९६३ आणि जूनचं ५,६१६.

आधी रुपयांकडे बघू नका

बिल हातात आलं की नजर थेट शेवटच्या रकमेवर जाते. ती रक्कम अंगठ्याखाली झाका आणि 'मागील रीडिंग', 'चालू रीडिंग' आणि 'युनिट' हे तीन रकाने वाचा. चालू रीडिंगच्या जागी आकडा आहे की शब्द, हे सगळ्यात आधी बघायचं. तिथे `LOCKED`, `RNA` किंवा `FAULTY` असं काही छापलं असेल तर त्या महिन्यात तुमचा मीटर वाचलेलाच नाही. `LOCKED` म्हणजे रीडिंग घेणारा आला तेव्हा कुलूप होतं, `RNA` म्हणजे रीडिंग मिळालं नाही आणि `FAULTY` म्हणजे मीटर नादुरुस्त असल्याची नोंद झाली. तिन्ही वेळा युनिटच्या रकान्यात जो आकडा येतो तो तुमच्या आधीच्या वापरावरून काढलेला अंदाज असतो.

काकूंच्या एप्रिल आणि मे या दोन्ही बिलांवर `LOCKED` होतं. मार्चमध्ये त्यांनी व्हरांड्याला लोखंडी ग्रिल बसवून घेतलं आणि मीटर राहिला ग्रिलच्या आत. काका दुकानात, काकू अंगणवाडीत, दुपारी दाराला कुलूप. त्यांच्या हिवाळ्यातल्या वापराची सरासरी महिन्याला ११० युनिट होती, म्हणून एप्रिलला ११० आणि मेलाही ११० धरले गेले.

याच दोन महिन्यांत त्यांच्याकडे एक टनाचा एसी आला होता, हप्त्यावर. एसी लावूनही बिल ९६३ च आलं, म्हणून काकूंनी सगळ्यांना सांगितलं की हा एसी वीज खात नाही. मेमध्ये तो निर्धास्तपणे चालला. सरासरी बिलातली खरी गोम हीच आहे. ते वाढलेला वापर लपवून ठेवतं, माणसाला सावध होऊ देत नाही आणि मग सगळं एका महिन्यात समोर मांडतं.

जूनमध्ये काका घरी असताना रीडिंग झालं. मागील रीडिंग ४५२० (मार्चमधलं, म्हणजे शेवटचं खरं), चालू रीडिंग ५२००. युनिट ६८०.

काकूंनी ते ६८० वाचून कपाळाला हात लावला. ते जूनचे नव्हते. तीन महिन्यांचे होते. तिनाने भागले की महिन्याला २२७ होतात. आधीच्या ११० पेक्षा ११७ जास्त, म्हणजे दिवसाला जवळजवळ चार युनिट. एक टनाचा बऱ्यापैकी स्टार असलेला एसी तासाला पाऊण-एक युनिट घेतो, म्हणजे रात्रीचे चार-पाच तास. काकू म्हणत होत्या दोन-तीन तास. काका काही बोलले नाहीत.

स्लॅबचा जिना

आता ते ६८० युनिट रुपयांत कसे उतरतात ते बघू. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ असा वीज आकार होता. शिवाय प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, सिंगल फेजला महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर पुढे बदलतात, त्यामुळे तुमचा हिशेब करताना तुमच्या बिलाच्या महिन्याला लागू असलेले दर घ्या. रीत तीच राहते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: "शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो." तसं होत नाही. जिन्याच्या पायऱ्या समजा. पहिल्या १०० युनिटांची पायरी प्रत्येकाला खालच्याच दराने मिळते, मग तो २०० वापरो की ८००. वरचा दर फक्त वरच्या पायरीवरच्या युनिटांना लागतो. म्हणून ९९ आणि १०१ युनिटांच्या बिलांत काही शेकड्यांचा फरक पडत नाही, वीसेक रुपयांचा पडतो.

पण पायऱ्यांची उंची लक्षात घ्या. वहन आकार आणि वीज शुल्क धरून शंभराच्या आतलं एक युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडत होतं. शंभराच्या पुढचं १३ रुपये २९ पैशांना, म्हणजे जवळपास दुप्पट. तीनशेच्या पुढचं १८ रुपये २४ पैशांना. एसी, गीझर, कूलर अशी उन्हाळ्या-हिवाळ्यात वाढणारी प्रत्येक गोष्ट या वरच्या पायऱ्यांवरच जाऊन बसते, कारण खालची पायरी फ्रिज, पंखे आणि दिव्यांनी आधीच भरलेली असते. काकूंचा वापर ११० वरून २२७ झाला, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. बिल मात्र महिन्याला ९६३ वरून २,५१४ झालं, अडीचपटीच्या वर. "वापर दुप्पट आणि बिल अडीचपट, हे कसं?" याचं उत्तर या जिन्यात आहे, मीटरमध्ये नाही.

तीन महिन्यांचं रीडिंग एकत्र आलं की काय तपासायचं

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात, म्हणून सावकाश करू.

तीन महिन्यांचे युनिट एकत्र आले की स्लॅबही तीन महिन्यांचे मिळायला हवेत. म्हणजे पहिली पायरी १०० ऐवजी ३०० युनिटांची, दुसरी २०० ऐवजी ६०० ची. काकूंच्या ६८० पैकी ३०० युनिट ४.७१ ने आणि उरलेले ३८० युनिट १०.२९ ने. तिसऱ्या पायरीवर एकही युनिट जायला नको. स्थिर आकारही तीन महिन्यांचा. मग एप्रिल-मेमध्ये अंदाजाने आकारलेली रक्कम वजा. कागदावर असं दिसतं:

```
३०० × ४.७१            = १,४१३.००
३८० × १०.२९           = ३,९१०.२०
वहन आकार ६८० × १.१७   =   ७९५.६०
स्थिर आकार ३ × १२८     =   ३८४.००
बेरीज                 = ६,५०२.८०
वीज शुल्क १६ टक्के      = १,०४०.४५
तीन महिन्यांचं बिल      = ७,५४३.२५
वजा आधीची दोन बिलं      = १,९२६.९९
जूनमध्ये भरायचे         = ५,६१६.२६
```

(इंधन समायोजन आकार मुद्दाम बाहेर ठेवलाय, त्याचं खाली बोलू.)

काकूंचं बिल इथपर्यंत जुळलं. दर महिन्याला मीटर वाचला असता तरी तीन महिन्यांत एवढेच पैसे गेले असते. फक्त ते दोन-अडीच हजारांनी तीनदा गेले असते आणि एसीचं खाणं एप्रिलमध्येच कळलं असतं.

पण हे नेहमी जुळतंच असं नाही. बिघाड दोन प्रकारचा असतो. पहिला ढोबळ आहे: ६८० युनिट एकाच महिन्याचे धरले, स्लॅब विभागला नाही आणि आधीची बिलंही वजा केली नाहीत. तसं झालं तर बिल १०,८५५ रुपये येतं, कारण १८० युनिट थेट १६.६४ च्या पायरीवर जाऊन बसतात. एवढी मोठी चूक कुणाच्याही नजरेत भरते.

दुसरा बिघाड फसवा आहे. आधी बिल केलेले २२० युनिट ६८० मधून वजा केलेले असतात, त्यामुळे बिलावर ४६० युनिट दिसतात आणि वजावट झाली म्हणून आपण गप्प बसतो. पण ते ४६० एकाच महिन्याचे धरून स्लॅब लावलेला असतो. मग १०० युनिट पहिल्या पायरीवर, २०० दुसऱ्या आणि १६० तिसऱ्या पायरीवर जातात. बिल येतं ६,४०७. बरोबर रकमेपेक्षा ७९१ रुपये जास्त. फरक कुठून आला तेही सांगता येतं: १६० युनिट १०.२९ ऐवजी १४.५५ ने लावले, दर युनिटमागे ४.२६ रुपये जादा, त्यावर १६ टक्के शुल्क.

म्हणून नियम एवढाच ठेवा. महिन्याची सरासरी काढा, म्हणजे एकूण युनिट भागिले महिने. ती सरासरी जर ३०० च्या आत असेल आणि बिलात तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीच्या दराने एकही युनिट लागलेलं दिसलं, तर स्लॅब विभागलेला नाही. बाकी काही मोजायची गरज नाही. तक्रारीत "बिल खूप आलं" असं लिहिण्यापेक्षा "६८० युनिट तीन महिन्यांचे आहेत, स्लॅब लाभ एका महिन्याचा दिलेला आहे, १६० युनिट चुकीच्या दराने आकारलेत" असं लिहिलं की समोरच्याला बिल उघडून बघावंच लागतं.

आधीच्या बिलांची वजावट कुठे दिसते, हा पुढचा प्रश्न. ती 'चालू वीज देयक' या ओळीत सहसा दिसत नाही, 'समायोजित रक्कम' अशा ओळीत उणे चिन्हासह येते. लोक ती ओळ वाचतच नाहीत आणि चालू देयकाचा मोठा आकडा घेऊन भांडायला जातात. दुसरं टोकही पाहिलंय: वजावट नाही, पण आधीची दोन्ही बिलं भरलेली असूनही ती 'थकबाकी'त उभी. तेव्हा भरलेल्या पावत्या हाच पुरावा.

२०२० च्या टाळेबंदीत अख्ख्या महाराष्ट्राने हेच प्रकरण अनुभवलं. मार्चच्या शेवटी रीडिंग थांबलं. एप्रिल-मेची बिलं डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या सरासरीवर गेली. हे हिवाळ्याचे महिने, पंखेसुद्धा बंद असतात. लोक मात्र भर उन्हाळ्यात दिवसभर घरात होते. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि तीन महिन्यांचं सगळं एकदम आलं. त्यातच १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झाले होते. माझं त्यावेळचं बिल मी चार रात्री तपासलं. ते बरोबर निघालं याचा आनंद मानावा की राग, ते कळलं नाही.

मीटरपाशी जा

चालू रीडिंगच्या जागी आकडा असेल, शब्द नसेल, तरी तो खरा आहे का हे बघायला मीटरपर्यंत चार पावलं जावंच लागतं. डिजिटल मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत असतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी. आपल्याला हवा तो आकडा ज्याच्या शेजारी `kWh` लिहिलेलं असतं तो. `kVAh` किंवा नुसतं `kW` असेल तर तो नाही. घाईत मी स्वतः एकदा कमाल मागणीचा आकडा उतरवून घेतला होता आणि पाऊण तास वाया घालवला होता.

मीटरचा आकडा बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा कमी असेल तर वाद तिथेच संपला. मीटर मागे जात नाही, रीडिंग चुकलंय. दोन अंक उलटे पडले (५०२० च्या जागी ५२००), किंवा शेजारच्या मीटरचं रीडिंग तुमच्या नावावर चढलं. यासाठी बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरच्या तोंडावरचा क्रमांक पडताळा. इमारतीत एका फळीवर दहा मीटर असतील तर आणखी एक करा: घरातला मेन स्विच बंद करा आणि कुणाला तरी खाली मीटरवरची लाल लुकलुक बघायला सांगा. तुमची लाइट बंद असूनही ती लुकलुक चालू राहिली तर त्या मीटरमधून दुसऱ्या कुणाची तरी वीज जातेय किंवा वायरिंगमध्ये कुठे तरी गळती आहे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग कार्यालयात जा.

मीटर खरंच वेगाने धावतोय का, हेही घरच्या घरी साधारण कळतं. मीटरवर `3200 imp/kWh` असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे एका युनिटला ३,२०० लुकलुका. घरातलं सगळं बंद करून फक्त १,००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावा. तासाला एक युनिट, म्हणजे मिनिटाला साधारण ५३ लुकलुका. इस्त्री घेऊ नका, ती मध्येच आपोआप बंद होते. ५३ ऐवजी ४५ आल्या तर घाबरू नका. व्होल्टेज कमी असेल तर रॉडच कमी वीज घेतो, २१० व्होल्टला तो हजाराऐवजी आठशेच्या आसपास वॅट घेतो. पण पुन्हापुन्हा मोजूनही सत्तरच्या वर येत असतील तर मीटर तपासणीसाठी अर्ज द्यायला हरकत नाही. हा प्रयोग फक्त अर्ज द्यायचा की नाही ते ठरवण्यापुरता आहे, पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा ठरतो तपासणीचा अहवाल.

बिलावर `FAULTY` आलं असेल तर मात्र सरासरीची बिलं महिनोन्‌महिने भरत राहू नका. मीटर बंदच पडला असेल तर वीज नियामक आयोगाच्या विनियमांनुसार सरासरीची आकारणी जास्तीत जास्त तीन महिन्यांची करता येते, आणि ती त्याआधीच्या बारा महिन्यांच्या मोजलेल्या वापरावरून काढायची असते. मीटर बदलून द्या असा लेखी अर्ज पहिल्याच महिन्यात द्या आणि पोच घ्या.

वापर तोच, रीडिंग बरोबर, तरी वाढलं

आता उरतात इंधन समायोजन आकार आणि दरवाढ. इथे तुमचा काही दोष नसतो, आणि बहुधा बिलाचाही नसतो.

वीज किती रुपयांना विकत घ्यावी लागेल याचा अंदाज धरून आयोग दर ठरवतो. प्रत्यक्षात कोळसा महागला किंवा बाजारातून चढ्या भावाने वीज घ्यावी लागली तर तो फरक या आकारातून वसूल होतो. खर्च एका महिन्यात होतो आणि वसुली नंतरच्या महिन्यांत होते, म्हणून कडक उन्हाळ्यातल्या महाग विजेचे पैसे पावसाळ्यात द्यावे लागतात आणि लोकांना ते कळत नाही. २०२२ मध्ये हेच झालं. मार्च ते मे कोळशाची टंचाई आणि उष्णतेची लाट होती. जुलैपासून महावितरणने हा आकार पहिल्या १०० युनिटांना १० पैशांवरून ६५ पैसे, १०१ ते ३०० ला २० पैशांवरून १ रुपया ४५ पैसे केला. वरच्या दोन स्लॅबना तो २.०५ आणि २.३५ रुपये झाला. पाच महिने ही वसुली चालली.

२२७ युनिटांच्या घराला त्याआधी या आकाराचे वीज शुल्कासह ४१ रुपये पडत होते, ते २८९ झाले. एकही दिवा जादा न लावता महिन्याला २४८ रुपये. हे ओळखायचं सोपं आहे: मागच्या आणि या महिन्याच्या बिलातल्या त्या ओळीची रक्कम त्या-त्या महिन्याच्या युनिटांनी भागा. प्रत्येक युनिटमागे पैसे वाढलेले दिसले तर कारण सापडलं. कधी हा आकार शून्य असतो, कधी उणेही असतो. तेव्हा कुणी बिल घेऊन माझ्याकडे येत नाही.

स्थिर आकाराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सिंगल फेजचे १०५ रुपये २०२३-२४ मध्ये ११६ झाले, २०२४-२५ मध्ये १२८. त्या वर्षी बंद घरालाही वीज शुल्क धरून १४८ रुपये येत होते ते यामुळे. पण हजारांची उडी यातून येत नाही. या ओळीत चारशेच्या वर आकडा दिसला तर एकतर बिल अनेक महिन्यांचं आहे, किंवा तुमची नोंद थ्री फेज म्हणून झाली आहे, किंवा वर्गवारीच बदलली आहे. घरात शिकवणी किंवा शिवणकाम चालतं म्हणून व्यापारी वर्गवारी लागलेली असू शकते. बिलावर वर्गवारी छापलेली असते, तीही एकदा वाचा.

आणि एप्रिल-मेमध्ये वेगळ्या कागदावर येणारी मोठी रक्कम म्हणजे बिल नव्हे, ती अतिरिक्त सुरक्षा ठेव. वर्षभराच्या सरासरीवरून दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव जमा असायला हवी असा नियम आहे. ज्या घरात नुकताच एसी आला, तिथे पुढच्या वर्षी ही मागणी येणारच. काकूंना तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

बिल चुकलं असेल तर

आधी फोटो काढा: मीटरचा, `kWh` दिसेल असा, मीटर क्रमांकासह, तारीख दिसेल असा. मग उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ॲप किंवा १९१२ वर केलेल्या तक्रारीचा क्रमांकही लिहून ठेवा. तोंडी "बघतो" वर विसंबू नका.

वाद चालू असताना बिल भरायचंच नाही, हा सल्ला गल्लीत फुकट मिळतो आणि तो महागात पडतो. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. पण त्याच कलमात सोयही आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. भरताना "निषेध नोंदवून भरणा" असं लेखी द्या, नुसते ऑनलाइन पैसे टाकून ते होत नाही. त्याच कलमात आणखी एक मुद्दा आहे. दोन वर्षांपूर्वीची रक्कम आधीपासून सलग थकबाकी म्हणून बिलावर दाखवत आलेली नसेल, तर ती आता वसूल करता येत नाही.

कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. महाराष्ट्रात लोकपाल मुंबईत आणि नागपुरात आहेत. मंचापुढे वकील लागत नाही. वर दिला तसा पानभर हिशेब आणि बिलांच्या प्रती लागतात.

बिल बरोबर निघालं पण एकदम भरता येत नाही, तर हप्ते मागा. काकूंनी तसंच केलं. ५,६१६ चे तीन हप्ते मिळाले. जुलैचं बिल १४२ युनिटांचं आलं, हप्ता सोडून १,३८९ रुपये. ग्रिलमध्ये मीटरसमोर काकांनी वेल्डरकडून वीतभर चौकोन कापून घेतलाय. बाहेर उभं राहून रीडिंग दिसतं. दर महिन्याच्या एक तारखेला काकू ते रीडिंग कॅलेंडरवर लिहितात, गॅस सिलिंडरच्या तारखेच्या शेजारी.